अंबारीचा हत्ती, १३ यूडिम टाइल्स आणि अनरियल: एका हीरो असेटचं प्रकरण

प्रोजेक्ट पेशवाईच्या काळातला गेम, त्यात मिरवणुकीचा एक सीन, आणि त्या सीनचा हीरो म्हणजे अंबारीचा हत्ती. हत्ती दोन ठिकाणी दिसतो. एक म्हणजे कटसीन, जिथे कॅमेरा डोळ्याजवळून निघून सोंडेवरून खाली येतो आणि मग झुलीच्या जरीवरून मागे सरकतो. दुसरं म्हणजे गेमप्ले, जिथे तोच हत्ती गर्दीतून चालतो आणि खेळणारा त्याच्या फार जवळ जाऊच शकत नाही. टेक्श्चरचं काम बाहेरच्या एका टीमने फिल्मच्या सवयीने केलं होतं, म्हणजे सगळं यूडिममध्ये, आणि आमच्याकडे आलं तेव्हा त्यात १३ टाइल्स होत्या, प्रत्येक ४के. पहिली रिअॅक्शन सगळ्यांची एकच, "१३? एका हत्तीला?" तर तिथूनच सुरू करू, कारण तो आकडा हवेतून आलेला नव्हता.

यूडिमचं मूळ सांगायचं तर ही वेटा डिजिटलमध्ये फिल्मच्या कामासाठी काढलेली नंबर द्यायची पद्धत आहे, बाकी काही जादू नाही. नेहमी आपण यूव्ही ० ते १ च्या एका चौकोनात कोंबतो, इथे शेजारी शेजारी चौकोन वापरायचे, उजवीकडे जास्तीत जास्त १०, मग वरची ओळ. नंबर असा निघतो:

```
UDIM = 1001 + floor(u) + 10 * floor(v)
```

म्हणून १०१० नंतरची १०११ ही उजवीकडे नसते, ती १००१ च्या डोक्यावर असते. हे लक्षात ठेवा, पुढे याच एका गोष्टीमुळे आमचा बग सापडला. आणि १० च्या पुढे उजवीकडे आयलंड सरकवलं तर नंबर वरच्या ओळीतल्या टाइलशी भिडतो, त्यामुळे ते करायचंच नाही.

आता १३ का. टाइल्स किती लागतील हे कॅमेरा ठरवतो, असेटचं महत्त्व नाही. अंगाचा सगळ्यात जवळचा शॉट असा होता की फ्रेमच्या रुंदीत साधारण २ मीटर हत्ती दिसतो. ४के आउटपुटला रुंदी ३८४० पिक्सेल, म्हणजे सेंटीमीटरला १९ च्या आसपास. म्हणून अंगाला २० पिक्सेल प्रति सेंटीमीटर धरले. डोळ्याच्या शॉटमध्ये फ्रेममध्ये ६० सेंटीमीटरच येतात, तिथे १०८० ला ३२ लागतात आणि ४के ला ६४. ६४ ने टेक्श्चर करणं परवडणारं नव्हतं म्हणून चेहऱ्याला ४० दिले आणि त्याच्या खालची बारीक सुरकुती, कातडीचे खड्डे वगैरे एका टाइल होणाऱ्या डीटेल नॉर्मलवर सोडले. हा निर्णय माझ्या मते अगदी बरोबर होता, कारण हत्तीची कातडी जवळून सगळीकडे सारखीच भेगाळलेली दिसते, ती हाताने पेंट करून मेमरी जाळण्यात अर्थ नाही.

मग क्षेत्रफळ. एका ४के टाइलमध्ये १.६८ कोटी टेक्सेल, पण दोन आयलंड्सच्या मधली रिकामी जागा, पॅडिंग वगैरे सोडून ७० टक्के हातात पडतात असं धरलं तर १.१७ कोटी. चेहरा आणि सोंड मिळून २ चौरस मीटर, म्हणजे २०,००० चौरस सेंटीमीटर, गुणिले ४० चा वर्ग १६००, झाले ३.२ कोटी टेक्सेल, म्हणजे ३ टाइल्स. झुलीखालची कातडी दिसतच नाही म्हणून ते पॉलिगॉन उडवले होते, उरलेलं अंग १३ चौरस मीटर, ते २० च्या घनतेने ५.२ कोटी, म्हणजे ५ टाइल्स, शेवटची अर्धी रिकामी. झूल साडेपाच चौरस मीटर, २ टाइल्स. अंबारीला २, आणि सुळे, नखं, घंटा, डोळे, दोरखंड असं सगळं किरकोळ शेवटच्या एका टाइलमध्ये. मांडणी अशी पडली: १००१ ते १००३ चेहरा, १००४ ते १००८ अंग, १००९ आणि १०१० झूल, १०११ आणि १०१२ अंबारी, १०१३ किरकोळ.

हा हिशोब मुद्दाम पूर्ण दिला कारण बऱ्याच ठिकाणी उलटं होतं, आधी "हीरो आहे ना, दे २० टाइल्स" आणि मग कॅमेरा कुठे आहे ते विचारतात.

आता अनरियलमध्ये पहिल्यांदा आणलं तेव्हा काय झालं ते बघा. मेश एक, मटेरियल एक, आणि ज्युनियरने बेस कलरची पहिली फाइल म्हणजे १००१ साधं टेक्श्चर म्हणून लावली. हत्तीच्या मागच्या पायावर डोळा आला. झुलीवर पण एक डोळा. हसून झालं सगळ्यांचं, पण हे लक्षण ओळखून ठेवायचं, कारण साध्या सॅम्पलरला टाइल ही गोष्टच माहीत नसते. यूव्ही ७.३ असला तरी रॅप मोडमध्ये तो पूर्णांक टाकून देतो आणि ०.३ वाचतो, म्हणून सगळ्या टाइल्सवर एकच टेक्श्चर छापलं जातं. क्लॅम्प असता तर पायावर डोळ्याऐवजी कडेच्या पिक्सेलचे लांब लांब ओरखडे दिसले असते. म्हणजे एकाच भागाची सगळीकडे कॉपी दिसली तर रॅप, ओरखडे दिसले तर क्लॅम्प, आणि दोन्हीचा अर्थ एकच की इंजिनने यूडिम ओळखलेलंच नाही.

यातून सुटायचा जुना मार्ग म्हणजे टाइलमागे एक मटेरियल. मायाने किंवा ब्लेंडरने फेसेस टाइलप्रमाणे वेगळ्या मटेरियलला दिले की इंजिनला काही कळायची गरजच नाही, रॅपमुळे प्रत्येक सेक्शन आपापलं टेक्श्चर बरोबर वाचतं. चालतं, पण १३ मटेरियल म्हणजे मेशचे १३ सेक्शन, आणि प्रत्येक सेक्शन म्हणजे वेगळा ड्रॉ कॉल, तो पण डेप्थमध्ये वेगळा, सावलीत वेगळा, मुख्य पासमध्ये वेगळा. एका हत्तीला ते पण एकवेळ सोसलं असतं. खरी अडचण मेमरीची.

अनरियल बेस कलर अल्फा नसेल तर बीसी१ मध्ये दाबतो, पिक्सेलला अर्धा बाइट. नॉर्मल बीसी५ मध्ये, पिक्सेलला एक बाइट. ऑक्लूजन, रफनेस, मेटॅलिक एकत्र बांधलेला मास्क परत बीसी१. मिप्स धरून ४के ला हे १०.६७, २१.३३ आणि १०.६७ एमबी, म्हणजे टाइलमागे ४२.६७. गुणिले १३ केलं की ५५५ एमबी. डेस्कटॉपवर अनरियलचा नेहमीचा टेक्श्चर स्ट्रीमिंग पूल १००० एमबीचा असतो, म्हणजे अर्ध्याहून जास्त पूल एका हत्तीने खाल्ला आणि मिरवणुकीतली बाकी माणसं, वाडा, रस्ता सगळे मिळून उरलेल्यात. पूल भरला की इंजिन कुणाची तरी वरची मिप काढून घेतं आणि मग भिंती चिखलासारख्या दिसायला लागतात. आमच्याकडे नेमकं तेच झालं, हत्ती सुंदर आणि मागचा वाडा पुसट.

आणि यातला अन्याय असा की नेहमीचं स्ट्रीमिंग मिप पूर्ण उचलतं. हत्ती समोरून दिसतोय, मागचा पाय कॅमेऱ्याला दिसतच नाही, तरी अंतर तेवढंच असल्यामुळे त्या पायाच्या टाइलची वरची मिप पण आत बसलेली असते. कुठला भाग खरोखर स्क्रीनवर आहे हा प्रश्न ते विचारतच नाही.

तो प्रश्न विचारणारी गोष्ट म्हणजे व्हर्च्युअल टेक्श्चरिंग. कल्पना नवी नाही, २०११ च्या रेज गेममध्ये आयडी सॉफ्टवेअरने अख्खं जग अशाच तुकड्यांनी भरलं होतं, अनरियलमध्ये ती ४.२३ पासून आली. टेक्श्चरचे १२८ बाय १२८ चे पेजेस करायचे, फ्रेम काढताना जीपीयूने कुठलं पेज कुठल्या मिपला लागलं ते नोंदवायचं, ती नोंद सीपीयूने वाचून तेवढेच पेजेस डिस्कवरून आणायचे आणि एका ठराविक साइजच्या फिजिकल पूलमध्ये ठेवायचे. आणि यूडिमला याच रस्त्याने अनरियल ओळखतो. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये व्हर्च्युअल टेक्श्चर सपोर्ट चालू असेल आणि फाइलचं नाव `hatti_BaseColor.1001.png` अशा धाटणीचं असेल तर कुठलीही एक फाइल इंपोर्ट करा, बाकीच्या बहिणी तो स्वतः शोधतो आणि एकच असेट बनवतो. थंबनेलच्या कोपऱ्यात VT असा शिक्का दिसला म्हणजे जमलं. सबस्टन्स पेंटरमधून काढताना एक्स्पोर्टच्या नावात `(.$udim)` हे टोकन ठेवायचं, तेवढंच. सपोर्ट बंद असताना इंपोर्ट केलं तर १३ वेगळी साधी टेक्श्चर मिळतात आणि मग लोक म्हणतात अनरियलला यूडिम येत नाही.

मटेरियलमध्ये पण सॅम्पलरचा प्रकार बदलावा लागतो, बेस कलरला Virtual Color, नॉर्मलला Virtual Normal असं. इथे एक कुचंबणा आहे. आमच्या सगळ्या कॅरेक्टर्सचं एक मास्टर मटेरियल होतं, त्यातला टेक्श्चर पॅरामीटर साध्या प्रकारचा, आणि मटेरियल इन्स्टन्समध्ये तिथे व्हर्च्युअल टेक्श्चर बसत नाही. म्हणून हत्तीसाठी मास्टरची वेगळी कॉपी काढावी लागली. छोटं वाटतं पण पुढे मास्टरमध्ये कुणी काही बदललं की ते दोन ठिकाणी बदलायचं, हा खर्च यूडिम घेताना कुणी मोजत नाही. शिवाय तिन्ही मॅप्सच्या टाइल्स सारख्या हव्यात, साइज पण सारखी. मास्कची १०१३ कुणी एक्स्पोर्टच केली नसेल तर सुळे आणि घंटा विचित्र चमकतात आणि माणूस शेडरमध्ये चूक शोधत बसतो.

मेमरीचं काय झालं? १०८० ला स्क्रीनवर २० लाख ७३ हजार पिक्सेल. अगदी एकास एक जुळलं तर सगळी स्क्रीन भरायला १२७ पेजेस पुरतात. व्यवहारात पेज अर्धवट दिसतं, तिरकं दिसतं, दोन मिप लागतात, म्हणून चौपट धरा, ५००. प्रत्येक पेजला चारही बाजूंनी ४ पिक्सेलची बॉर्डर असते म्हणजे ते प्रत्यक्षात १३६ बाय १३६, आणि तीन मॅप्स मिळून एका जागेचे साधारण ३६ केबी. पाचशेचे साडेअठरा एमबी. कुठे ५५५ आणि कुठे साडेअठरा. आणि मजा अशी की टाइल्स १३ च्या २६ केल्या तरी हा आकडा जवळपास तेवढाच राहतो, कारण तो स्क्रीनवर अवलंबून आहे, टेक्श्चरवर नाही. डिस्कवरची साइज मात्र दुप्पट होणार, ती फुकट नाही.

इथवर सगळं छान, आणि मग टेक्श्चरवाल्या मुलीने झुलीकडे बोट दाखवलं. "अरे ही जर बघ ना, काठ सरळ होता माझा." झुलीच्या काठाला जरीच्या तीन समांतर रेषा होत्या, पेंटरमध्ये फूटपट्टीने काढल्यासारख्या, आणि अनरियलमध्ये त्या प्रत्येक पॉलिगॉनला किंचित मोडत होत्या, जिना असतो तशा. सिमवर एका बाजूची रेष दुसरीला भेटत नव्हती, मध्ये पॅडिंगचा रंग डोकावत होता.

पहिला संशय स्ट्रीमिंगवर गेला, पूल वाढवून बघितला, काही फरक नाही. कॅमेरा जवळ नेला, लांब नेला, मोड तिथेच. हत्ती चालवला तरी मोड कापडाला चिकटून चालतो, लुकलुकत नाही. म्हणजे पेजेसचा संबंध नाही, स्ट्रीमिंगचा दोष असता तर तो वेळेप्रमाणे बदलला असता. कॉम्प्रेशन बंद केलं, तरी तेच. मग टेक आर्टिस्टने एक साधी गोष्ट केली, सगळ्या १३ टाइल्सवर एकच चेकर टेक्श्चर टाकलं, प्रत्येक टाइलवर तिचा नंबर छापलेला, आणि रांगेने बघत गेला. १००१ चकचकीत सरळ. १००३ जवळून बघितलं तर थोडं. १००६ वर दिसतं. १००९ आणि १०१० वर तर चौकोन अक्षरशः डुगडुगीत. आणि १०११? परत सरळ!

नंबर वाढतो तसा दोष वाढतो आणि ओळ बदलली की एकदम कमी होतो, म्हणजे दोष u च्या आकड्याच्या मोठेपणात आहे. अनरियल मेशचे यूव्ही डीफॉल्टने १६ बिट फ्लोटमध्ये ठेवतो, जागा वाचवायला. १६ बिट फ्लोटमध्ये आकडा जितका मोठा तितकी पायरी जाड. ०.५ ते १ मध्ये पायरी १/२०४८, ४के टाइलवर २ टेक्सेल, कुणाला दिसत नाही. १ ते २ मध्ये १/१०२४, म्हणजे ४ टेक्सेल. २ ते ४ मध्ये ८, ४ ते ८ मध्ये १६, आणि ८ ते १६ मध्ये पायरी १/१२८, म्हणजे तब्बल ३२ टेक्सेल. आमची झूल बसली होती १००९ आणि १०१० मध्ये, u ८ ते १०. सेंटीमीटरला २० टेक्सेल धरले तर झुलीचा प्रत्येक वर्टेक्स १.६ सेंटीमीटरच्या जाळीवर ओढला जात होता, म्हणजे कुठे कुठे पाऊण सेंटीमीटर इकडे तिकडे. पायाच्या टाइल्सवर पण निम्मा दोष होताच, पण भेगाळलेल्या कातडीवर पाव-अर्धा सेंटीमीटर कोण बघतंय, सरळ जरीवर मात्र लगेच उघडं पडलं.

उपाय एका टिकमार्कचा, मेशच्या बिल्ड सेटिंग्जमध्ये `Use Full Precision UVs`, आणि परत बिल्ड. ३२ बिटला १० च्या आसपास पायरी इतकी बारीक असते की विषयच संपतो. खर्च प्रत्येक वर्टेक्सला ४ बाइट जास्त, हत्तीला ९० हजार वर्टेक्स होते, म्हणजे ३६० केबी. ५५५ एमबीच्या गप्पा मारल्यानंतर ३६० केबीसाठी ही सेटिंग डीफॉल्टने बंद असावी हे मला थोडं विनोदी वाटतं, पण बाकी हजारो प्रॉप्स ० ते १ मध्येच असतात त्यामुळे त्यांचंही चूक नाही म्हणा.

त्यानंतर आम्ही अजून एक नियम केला, यूडिम रांगेत १० पर्यंत न्यायचंच नाही, ४ रांगा ४ कॉलम असं चौकोनी मांडायचं, म्हणजे १००१ ते १००४, मग १०११ ते १०१४, मग १०२१ पासून पुढे. एकट्या त्याने भागत नाही, २ ते ४ मध्ये ८ टेक्सेलची पायरी राहतेच, पण कुणी ती टिक विसरलं तर निदान ३२ ची फजिती होत नाही. पेंटर, ब्लेंडर, मारी सगळ्यांनाच मधले नंबर गाळलेले चालतात. (ब्लेंडरला यूडिम २.८२ पासून येतं, त्याच्या आधीच्या फाइल्स कुणी देत असेल तर देव भलं करो.)

दुसरी अडचण कटची. कटसीनमध्ये लांबच्या मिरवणुकीवरून थेट हत्तीच्या डोळ्यावर कट होता. कट पडला की पहिल्या काही फ्रेम्स डोळा मऊ मऊ, मग टप्प्याटप्प्याने कडक. कारण उघड आहे, जीपीयूने पेज मागायच्या आधी ते पेज स्क्रीनवर लागलेलं असायला हवं, मग ती मागणी सीपीयूपर्यंत यायला काही फ्रेम्स, मग डिस्क, मग अपलोड. तोवर इंजिन जे खालचं मिप हाताशी आहे ते दाखवतं. स्ट्रीमिंग बंद ठेवलेल्या साध्या टेक्श्चरला हा त्रास नाही, ते आधीच आत असतं. व्हर्च्युअल टेक्श्चरची किंमत इथे मोजावी लागते आणि हीरो असेटवर ती सगळ्यात जास्त बोचते, कारण हीरोवरच तर आपण धाडकन कट करतो.

आधी हे पूलचं तर नाही ना ते तपासलं. `r.VT.Residency.Show 1` टाकलं की पूल किती भरलाय आणि मिप बायस लागतोय का ते स्क्रीनवर ग्राफमध्ये दिसतं. पूल छोटा असेल तर इंजिन सगळं एक मिप खाली ढकलतं आणि मग चित्र कधीच पूर्ण कडक होत नाही. हीच खूण आहे, थोडा वेळ पुसट आणि मग कडक म्हणजे उशीर, कायमच पुसट म्हणजे पूल अपुरा. आमचं ४के ला थोडं दोन्ही होतं, कारण रस्ता आणि वाडाही त्याच पूलमधून पेजेस घेत होते. डीफॉल्ट ६४ एमबी असतं, ते दुप्पट केलं:

```ini
[/Script/Engine.VirtualTexturePoolConfig]
DefaultSizeInMegabyte=128
```

बायस गेला, उशीर राहिला. उशिरावर खरा उपाय दिग्दर्शनातूनच आला. एडिटरला सांगितलं की कटच्या जागी अगदी छोटा फेड टू ब्लॅक दे, आणि फेडखाली कॅमेरा आधीच डोळ्याच्या फ्रेमिंगवर आणून ठेवला. स्क्रीन काळी दिसते पण सीन रेंडर होतोच, पेजेस मागवले जातातच, पडदा उघडेपर्यंत डोळा तयार. तोच शॉट ट्रेलरसाठी मूव्ही रेंडर क्यूमधून काढला तिथे तर वॉर्म अप फ्रेम्स देता येतात, त्यामुळे फेडची पण गरज पडली नाही. गेममध्ये मात्र खेळणाऱ्याचं मशीन आणि डिस्क आपल्या हातात नाही, स्लो हार्ड डिस्कवर तो फेड पण कमी पडू शकतो, हे मान्य करूनच पुढे गेलो.

गेमप्लेच्या हत्तीचं काय? इथे टीममध्ये वाद झाला. एक गट म्हणाला की व्हर्च्युअल टेक्श्चर आहेच, ते लांबून आपोआप कमी पेजेस घेतं, मग तेच ठेवा. तर्क चुकीचा नाही. पण व्हर्च्युअल सॅम्पल साध्या सॅम्पलपेक्षा महाग असतं, आधी पेज टेबल वाचायचं मग पेज, आणि मिरवणुकीत हत्ती एक नव्हता, सहा होते, वर गर्दी. शिवाय कमी ताकदीच्या मशीनसाठीचा बिल्ड पण त्याच असेटवर चालायचा होता. म्हणून ठरलं असं की एलओडी० म्हणजे १३ टाइल्सचा व्हर्च्युअल हत्ती, फक्त कटसीनपुरता, आणि एलओडी१ पासून पुढे वेगळा मेश, ० ते १ च्या आतले नवीन यूव्ही, साधी टेक्श्चर. कातडी आणि झूल एका ४के सेटमध्ये, अंबारी आणि किरकोळ एका २के सेटमध्ये. घनता पडली सेंटीमीटरला साडेसात, आणि गेमप्लेमध्ये हत्ती सगळ्यात जवळ आला तरी फ्रेममध्ये चार मीटर दिसतात, म्हणजे १०८० ला पाचसुद्धा लागत नाहीत. मेमरी ५३ एमबी, सहाही हत्तींना मिळून, कारण टेक्श्चर एकच.

हे उतरवताना एक गोष्ट कटाक्षाने करायची. बेस कलर आणि मास्क जुन्या यूव्हीवरून नव्या यूव्हीवर नुसते ट्रान्सफर झाले तरी चालतात. नॉर्मल तसा चालत नाही, कारण टॅन्जंट नॉर्मल हा त्या त्या यूव्हीच्या दिशेवर मोजलेला असतो, आयलंड फिरवलं की त्याचा अर्थ बदलतो. कॉपी केलेला नॉर्मल एका दिशेने उजेड आला की बरोबर वाटतो आणि दुसऱ्या दिशेने आला की सुरकुत्या उलट्या, खड्ड्याचा उंचवटा होतो. म्हणून तो ब्लेंडरमध्ये एलओडी० वरून एलओडी१ वर रीतसर बेक केला, Selected to Active, सोर्सला यूडिम इमेज, टार्गेटला एकच साधी इमेज. वेळ गेला पण एकदाच.

सगळं संपल्यावर एक वेगळी मागणी आली, हाच हत्ती एका प्रदर्शनात युनिटीमध्ये गोल फिरवून दाखवायचा. युनिटीत यूडिम इंपोर्ट नाही. फाइल नावात १००१ असलं काय नि नसलं काय, त्याला ती १३ वेगळी टेक्श्चर. परत १३ मटेरियल करता आली असती, पण टर्नटेबलवर एकच ऑब्जेक्ट आहे आणि मेमरी पण हातात आहे, तर टेक्श्चर अॅरे केला, टाइल म्हणजे स्लाइस. सगळ्या स्लाइस एकाच साइजच्या आणि फॉरमॅटच्या असाव्या लागतात आणि सगळ्या कायम मेमरीत राहतात, म्हणून २के वर उतरवल्या, एकूण १३९ एमबी. शेडरमध्ये एवढंच:

```hlsl
float2 tile = floor(uv);
float slice = tile.x + 10.0 * tile.y;
float2 st = uv - tile;
float4 c = _Base.SampleGrad(sampler_Base,
    float3(st, slice), ddx(uv), ddy(uv));
```

यातला `SampleGrad` शोभेचा नाही. साधं सॅम्पल केलं तर जीपीयू मिप निवडायला शेजारच्या पिक्सेलशी `st` चा फरक बघतो, आणि आयलंडच्या कडेला, जिथे यूव्ही पूर्णांक ओलांडतो, तिथे `st` एकदम ०.९९ वरून ० वर उडी मारतो. जीपीयूला वाटतं टेक्श्चर भयंकर आक्रसलंय, तो सगळ्यात खालचं मिप उचलतो आणि सिमवर एक पिक्सेलची मळकट रेघ उमटते. मूळ `uv` चे ग्रेडिएंट दिले की ती रेघ जाते. सॅम्पलर क्लॅम्पवर ठेवायचा, नाहीतर टाइलच्या डाव्या कडेला उजव्या कडेचा रंग झिरपतो. आणि आयलंड टाइलच्या रेषेला अगदी चिकटवून ठेवायचं नाही, u बरोब्बर १.० असला की `floor` त्याला पुढच्या टाइलमध्ये ढकलतो आणि चेहऱ्याच्या कडेवर अंगाचा ठिपका दिसतो. वरचे १० ने गुणणे चालतं कारण आमच्या नंबरांमध्ये खंड नव्हता, १०११ बरोबर दहावी स्लाइस. चौकोनी मांडणी असती तर मध्ये गाळलेल्या नंबरांमुळे तिथे ४ ने गुणून अॅरे त्याच क्रमाने भरावा लागला असता. युनिटीतही स्थिर मेशला Player Settings मधलं Vertex Compression यूव्हीला १६ बिट करू शकतं, म्हणजे झुलीची जर तिथेही मोडू शकते, म्हणून पहिल्याच बिल्डला तो नंबरवाला चेकर लावून १००९ आणि १०१० बघून घेतलं.